‘पार्टीची जान’ आणि उलट भाषांतराची फसगत

प्रश्न: एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी २० विधानांची इंग्रजी व्यक्तिमत्त्व प्रश्नावली मराठीत करते आहे. ‘अ‍ॅम द लाइफ ऑफ द पार्टी’ याचं मी ‘मी पार्टीची जान असतो/असते’ असं केलं. दुसऱ्या जाणकाराने त्यावरून परत इंग्रजी केलं तर मूळ वाक्य तंतोतंत आलं. पण दारव्हा तालुक्यातल्या गावात वाचून दाखवलं की बाया हसतात आणि माणसं ‘छे, छे’ म्हणतात. शब्द कुठे चुकला?

उत्तर:

‘पार्टी’ इथेच चुकला. ‘जान’चा नंबर त्यानंतर. आणि उलट भाषांतर तंतोतंत आलं, हाच पहिला इशारा समजायला हवा होता.

‘लाइफ ऑफ द पार्टी’ हा इंग्रजीतला घासून गुळगुळीत झालेला वाक्प्रचार आहे. ‘पार्टीची जान’ दिसलं की इंग्रजी येणाऱ्या कोणालाही तो आठवतोच. म्हणजे तुमच्या जाणकाराने मराठी वाक्याचा अर्थ लावला नाही, त्यामागचं इंग्रजी ओळखलं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये उलट भाषांतराची पद्धत नीट मांडली, तेव्हाच हा धोका सांगितला होता: दोन्ही भाषा येणारा माणूस वाईट भाषांतरातूनही चांगलं मूळ उभं करू शकतो. शब्दाला शब्द ठेवलेलं भाषांतर या परीक्षेत नेहमी पहिलं येतं. गावातल्या माणसाला काय कळलं, हे ती परीक्षा विचारतच नाही.

आता ‘पार्टी’ घ्या. यवतमाळकडच्या गावात या शब्दाचे दोन अर्थ पक्के आहेत. एक, राजकीय पक्ष किंवा गावातला गट: ‘तो त्यांच्या पार्टीचा हाय.’ दुसरा, शेतात किंवा धाब्यावर होणारी मटण-दारूची बैठक. वाढदिवसाच्या केकची पार्टी आता खेड्यातही पोचली आहे, पण ती लेकरांची. मूळ वाक्यातली पार्टी, म्हणजे ओळखीचे-अनोळखी लोक नुसते बोलायला, हसायला जमतात ती, गावात त्या नावाने होत नाही. त्यामुळे पुरुष ‘छे, छे’ म्हणतो तेव्हा तो ‘आमी नाई पेत बा’ असं सांगत असतो. ‘जान’ला हिंदी सिनेमाचा रंग आहे, त्यामुळे ‘पार्टीची जान असते’ हे बाईच्या तोंडी घातलं की नाचगाण्याचं चित्र उभं राहतं. त्या हसल्या यात नवल नाही.

तुमच्या वर्णनावरून ही आयपिप या व्यक्तिमत्त्व-विधानांच्या संग्रहातून काढलेली छोटी प्रश्नावली, मिनी-आयपिप, असावी: पाच गुण, प्रत्येकाची चार विधानं. तसं असेल तर मामला एका शब्दावर थांबत नाही. बहिर्मुखतेची चार विधानं अशी आहेत: लाइफ ऑफ द पार्टी, डोन्ट टॉक अ लॉट, टॉक टू अ लॉट ऑफ डिफरंट पीपल अ‍ॅट पार्टीज, कीप इन द बॅकग्राउंड. चारपैकी दोनांत पार्टी. ती दोन्ही दारूकडे वळली तर अर्धं माप बहिर्मुखतेऐवजी व्यसन किंवा अब्रू मोजू लागतं. एक बरं आहे, आयपिपची विधानं सर्वांना मोफत खुली आहेत, शब्द बदलायला परवानगी लागत नाही. प्रकाशकाच्या मालकीच्या चाचण्यांत मात्र लेखी परवानगीशिवाय एक शब्दही हलवू नका.

नवं वाक्य शोधताना आधी मूळ विधानातून मोजायची गोष्ट वेगळी काढा: माणसं जमली की या व्यक्तीमुळे वातावरणात उत्साह येतो. पार्टी ही फक्त जागा. पहिला सुचणारा पर्याय ‘चारचौघांत मी सगळ्यांना हसवतो’. तो नको. हसवणं म्हणजे नकला, विनोद. गावातला वडीलधारा माणूस गप्पांत कितीही रंगला तरी स्वतःला हसवणारा म्हणवून घेणार नाही. ‘चारचौघांत’ तर आणखी अडचणीचं. त्यात अब्रूचा, लोकलाजेचा वास आहे. सासऱ्या-दिरांसमोर डोक्यावर पदर घेणाऱ्या सुनेला ‘चारचौघांत’ म्हटलं की ती आपल्या स्वभावाचं नाही, घरातल्या पायरीचं उत्तर देते. माहेरी तीच बाई ओसरी दणाणून सोडत असेल. ‘चार लोक बसले की’ हेही टाळा. पुरुषांत ‘बसणं’ म्हणजे काय ते सांगायला नको.

मी असं सुचवेन: ‘ओळखीचे लोक जमले की माझ्यामुळे गप्पांना रंगत येते.’

यात आणखी एक गाठ सुटते. इंग्रजी विधानाला लिंग नाही. मराठीत ‘असतो/असते’ करावं लागतं. कागदावर तिरपी रेघ चालते, पण तोंडी वाचताना प्रश्न विचारणारा अडखळतो किंवा सवयीने पुल्लिंगी वाचतो, आणि बाईला ते वाक्य आपलं वाटत नाही. ‘माझ्यामुळे रंगत येते’ यात क्रियापद रंगतीशी जुळतं, बोलणाऱ्याशी नाही. मात्र ही युक्ती सगळीकडे लावू नका. ‘मी चिडतो’चं ‘मला राग येतो’ केलं की लिंग जातं, पण कृतीही जाते: राग येणं आतलं, चिडणं बाहेरचं. अशा जागी बायांसाठी आणि पुरुषांसाठी दोन वेगळ्या प्रती छापलेल्या बऱ्या.

तिसऱ्या विधानाला, पार्टीत वेगवेगळ्या लोकांशी बोलण्याच्या, लग्न ही जागा बसते: ‘लग्नात गेल्यावर बऱ्याच वेगवेगळ्या लोकांशी माझं बोलणं होतं.’ इथे ‘माणसांशी’ लिहायचा मोह आवरा. आपल्याकडे ‘माणूस’ म्हणजे पुरुष, आणि ‘माझा माणूस’ म्हणजे नवरा. ‘अनोळखी माणसांशी बोलते’ याला कोणती बाई हो म्हणेल? लग्नाचीही एक मर्यादा आहे: तिथे जाणं मर्जीचं नसतं, आणि घरचं कार्य असेल तर वाढण्यातच दिवस जातो. म्हणून ‘लग्नात गेल्यावर’, म्हणजे पाहुणा म्हणून.

खरा छुपा खड्डा दुसऱ्या विधानात आहे. ‘मी जास्त बोलत नाही’ हे भाषांतर निर्दोष दिसतं, उलटंही नीट होतं. पण ‘जास्त बोलू नको’ ही आपल्याकडे तंबी आहे. जास्त बोलणं म्हणजे उद्धटपणा, त्यामुळे ‘मी जास्त नाई बोलत’ हा सभ्यतेचा दाखला होतो आणि बडबड्या माणूसही खुशाल हो म्हणतो. त्यात वाक्य नकारार्थी असल्याने बोलक्या माणसाला ‘जास्त बोलत नाही, हे खरं नाही’ असा दुहेरी नकार पेलावा लागतो. ‘माझं बोलणं कमी असतं’ असं करा. ‘मितभाषी’ पुस्तकी आहे आणि वर कौतुकाचा. चौथ्यात ‘मागे राहतो’ म्हटलं तर प्रगतीत मागे पडणं ऐकू येतं. ‘लोकांत असलो की पुढे पुढे न करता बाजूला राहतो’ यातही ‘पुढे पुढे करणं’ ही शिवी आहे. ‘लोक जमले की बाजूला राहणं मला बरं वाटतं’ हे त्यातल्या त्यात ठीक, पण इथे वागण्याऐवजी आवड विचारली जाते, हे नोंदवून ठेवा.

सगळं वऱ्हाडीत लिहावं का? माझ्या मते नाही. ‘मले’, ‘काहून’ छापलेलं दिसलं की लोकांना थट्टा वाटते, आणि वणीची बोली वाशीमला जशीच्या तशी लागू पडत नाही. छापील भाषा साधी प्रमाण ठेवा, पण एकही शब्द असा नको ज्याचा गावातला अर्थ वेगळा आहे.

आता तपासणीचा क्रम. दोघांनी एकमेकांचं न बघता मराठी करावं. त्यातला एक तरी खेड्यात वाढलेला हवा. दोन्ही समोर ठेवून एक मसुदा करा. उलट भाषांतर करणाऱ्याने मूळ प्रश्नावली कधीही पाहिलेली नसावी, आणि शक्यतो तो मानसशास्त्राचा नसावा, म्हणजे तो ओळखणार नाही, वाचेल. वरच्या वाक्याचं उलट भाषांतर ‘ओळखीचे लोक भेटतात तेव्हा माझ्यामुळे बोलणं रंगतं’ अशा अर्थाचं इंग्रजी येईल. शब्द जुळणार नाहीत. जुळायचंही नाही, मोजायची गोष्ट आली का एवढंच बघा.

मग गावात आठ-दहा जणांना बसवून विचारा, निम्म्या बाया, त्यात एखाद-दोन नव्या सुना आणि एखाद-दोन सासवा. ‘समजलं का?’ हा प्रश्न फुकट आहे, सगळे हो म्हणतात. ‘हे तुमच्या शब्दांत सांगा’ आणि ‘असं शेवटचं कधी झालं?’ हे दोन विचारा. कोणी पोळ्याच्या दिवशीच्या गप्पा सांगितल्या तर विधान पोचलं. कोणी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची सभा सांगितली तर ‘लोक जमले’ पुन्हा गटाकडे गेलं. उत्तराचे पर्यायही इथेच तपासा. मूळ ‘अ‍ॅक्युरेट-इनअ‍ॅक्युरेट’चं ‘बरोबर-चूक’ केलं तर लोक शाळेचा पेपर समजून बरोबर उत्तर शोधतात. ‘माझ्याशी जुळतं-जुळत नाही’ ठेवा, आणि तोंडी दोन टप्प्यांत घ्या: आधी जुळतं की नाही, मग थोडं की पूर्ण. दोन्ही सांगता येत नसेल तर मधलं.

शेवटी आकडे. लघुप्रबंधाला दोनशेच्या आसपास उत्तरं मिळाली तर एवढं बघता येतं: उलट विधानांचे, म्हणजे कमी बोलण्याच्या आणि बाजूला राहण्याच्या विधानांचे, १ ते ५ मधले गुण ६ मधून वजा करून फिरवा, आणि प्रत्येक विधानाचा उरलेल्या तीन विधानांच्या बेरजेशी सहसंबंध काढा. ०.३०च्या खाली गेलं की ते विधान गावकऱ्यांनी काहीतरी वेगळंच वाचलं असा संशय घ्या. रंगतीच्या विधानाला जवळजवळ सगळ्यांनी ४ किंवा ५ दिले तर सहसंबंध आपोआप पडतो; तिथे दोष अर्थाचा नाही, ‘ओळखीचे’ या शब्दाने विधान फार सोपं केल्याचा आहे. तो शब्द काढून पुन्हा थोड्या जणांवर पाहा. दुसरी तपासणी बायका-पुरुषांची: उरलेल्या तीन विधानांत सारखेच गुण असलेले बायका आणि पुरुष घ्या. त्यांचे रंगतीच्या विधानाचे गुण सतत वेगळे येत असतील तर ते विधान अजूनही घरातली पायरीच मोजतंय.

दोन विधानांतला पार्टीचा प्रसंग बदलल्यावर तुमची सरासरी इंग्रजीतल्या छापील सरासरीशेजारी ठेवता येणार नाही, ‘यवतमाळचे लोक कमी बहिर्मुख’ असं तर अजिबात लिहू नका. तुमच्याच नमुन्यात कोण जास्त, कोण कमी, एवढं बोलता येतं. परिशिष्टात चार रकाने द्या: मूळ विधान, अंतिम मराठी, उलट भाषांतर, आणि बदल का केला. ‘पार्टीची जान’ही त्यात असू द्या, बाया हसल्या या कारणासह.