सीए असताना एसीसीएची सूट: सोडायचा तो पेपर, करायचा तो अभ्यास

प्रश्न: मी सोलापुरात सीए आहे, स्वतःची छोटी प्रॅक्टिस आहे. एसीसीएमध्ये नऊ पेपर माफ होतात म्हणे. सगळी सूट घेऊन थेट उरलेले चार द्यावेत, की काही पेपर मुद्दाम द्यावेत?

सूट घ्या, सगळी घ्या. पण फायनान्शियल रिपोर्टिंगचा पेपर माफ झाला तरी त्याचा अभ्यास मात्र पूर्ण करा. माझ्याकडे मार्गदर्शनासाठी येणारे सीए अडतात ते नेमके तिथेच.

एकूण तेरा पेपर आहेत. आयसीएआयच्या सभासदाला खालच्या दोन टप्प्यांतले नऊही माफ होतात. शेवटच्या टप्प्यातले चार कुणालाच माफ नाहीत: स्ट्रॅटेजिक बिझनेस लीडर, स्ट्रॅटेजिक बिझनेस रिपोर्टिंग आणि चारातून निवडायचे दोन. माफ पेपरचीही फी असते, ती बजेटमध्ये आधीच धरा. फीमध्ये सवलती अधूनमधून निघतात, म्हणून नोंदणीच्या आधी चौकशी करा.

आता रिपोर्टिंगचं. आपल्याकडचं काम म्हणजे अक्कलकोट रोडवरचे टॉवेलचे कारखाने, पतसंस्था, सूतगिरण्या, दुकानं. या पक्षकारांना इंड एएस लागूच होत नाही. ते मुख्यतः शेअर बाजारात नोंदलेल्या किंवा 250 कोटींहून मोठ्या नेटवर्थच्या कंपन्यांसाठी आहे. फायनलला तुम्ही ते शिकलात, पण त्यानंतर हात रोज जुन्या एएसवरच बसला. चार पेपरांतला रिपोर्टिंगचा पेपर मात्र पूर्ण आयएफआरएसवर असतो, आणि आकडा काढून भागत नाही, तो तसा का हे शब्दांत मांडावं लागतं.

एक उदाहरण बघू. कारखानदाराने पाच वर्षांसाठी गोडाऊन घेतलं, भाडं वर्षाच्या शेवटी 10 लाख. आपण एएस 19 प्रमाणे दरवर्षी 10 लाख खर्ची टाकतो आणि मोकळे होतो. आयएफआरएस 16 तसं करू देत नाही. व्याजदर 10 टक्के धरला तर पाच हप्त्यांचं आजचं मूल्य येतं 37.91 लाख. तेवढं देणं ताळेबंदात येतं आणि समोर तेवढीच वापरहक्काची मालमत्ता. पहिल्या वर्षी घसारा 7.58 लाख आणि व्याज 3.79 लाख, म्हणजे खर्च 11.37 लाख. शेवटच्या वर्षी व्याज 91 हजारांवर येतं आणि एकूण खर्च साधारण 8.49 लाख. पाच वर्षांची बेरीज दोन्हीकडे 50 लाखच, पण पहिल्या वर्षीचा नफा कमी दिसतो आणि कर्जाचं प्रमाण वाढतं. परीक्षेत पुढचा प्रश्न हाच असतो: बँकेच्या अटींवर याचा काय परिणाम होईल, संचालकांना समजावून सांगा. इथे आकडेमोड बरोबर येऊनही गुण जातात.

इंड एएस पक्कं असलं तरी काही ठिकाणी फरक आहेच. गुंतवणुकीची इमारत आयएएस 40 नुसार रास्त मूल्यावर दाखवता येते, आपल्याकडे फक्त किंमत-पद्धत चालते. कंपनी स्वस्तात पदरात पडली तर होणारा फायदा आयएफआरएसमध्ये नफ्यात जातो, इंड एएसमध्ये तो भांडवली राखीवात साठतो. हे फरक वहीत एका पानावर लिहून ठेवा.

म्हणून फायनान्शियल रिपोर्टिंगचे नमुना पेपर संस्थेच्या ऑनलाइन सराव-मंचावर वेळ लावून सोडवा. पन्नासच्या वर सहज येत असेल तरच पुढच्या पेपरची तारीख घ्या. पेपर मुद्दाम द्यायची गरज मला वाटत नाही, कारण पुढच्या पेपरला त्याच्या निकालाचा उपयोग नसतो, तयारीचा असतो.

टॅक्सचं मात्र वेगळं आहे. तो पेपर तुम्हाला माफ होतो तो भारतीय करांच्या जोरावर. त्या सुटीच्या भरवशावर ब्रिटनचा ॲडव्हान्स्ड टॅक्सेशन पर्याय म्हणून घेऊ नका, पाया नसताना तो झेपत नाही. तिथला कर खरोखर करायचा असेल तर ब्रिटिश टॅक्सचा आधीचा पेपर नीट अभ्यासा. ब्रिटनमध्ये ऑडिट रिपोर्टवर सही करायचा विचार असेल तर नुसतं सभासदत्व पुरत नाही, त्यासाठी प्रॅक्टिस सर्टिफिकेट आणि ऑडिटची वेगळी पात्रता लागते.

वरच्या टप्प्यातला पहिला पेपर पास झाला की उरलेल्यांसाठी सात वर्षांची मुदत सुरू होते, त्यामुळे पेपर रखडत ठेवू नका.

शिवाय 36 महिन्यांचा अनुभव आणि नऊ उद्दिष्टांच्या नोंदी लागतात. नोंदणीच्या आधीचा अनुभवही धरतात, पण तो जवळून पाहिलेल्या पात्र अकाउंटंटने मान्य करावा लागतो. तुमची आर्टिकलशिप जिथे झाली ते सर अजून संपर्कात असतील, तर त्यांना आत्ताच भेटा आणि कोणत्या ऑडिटवर काय काम केलं ते आठवून लिहून काढा.