गंधकाच्या रेघेवरून गेलेली धामण

साप येऊ नयेत म्हणून बागेभोवती गंधक टाकलंत खरं, पण साप त्यावरून सरळ निघून जातो. गेल्या श्रावणात आमच्या बडोद्याच्या घरी पिवळ्या रेघेवरच धामणीचा नागमोडी माग उमटलेला पाहिला. लसणाचा वास दोन दिवसांत उडतो. रॉकेल तर नकोच! माती नासते, झाडं जळतात, आगीची भीती वेगळीच.

धामण आली होती उंदरांमागे. पारव्यांना टाकलेली ज्वारी रात्रभर अंगणात पडून राहायची आणि शेजारीच जुन्या विटांचा ढीग. म्हणजे उंदरांचं जेवणही तिथेच आणि बिऱ्हाडही. मग दाणे संध्याकाळी झाडून घेऊ लागलो. विटा हलवल्या, पण भर उजेडात, बूट घालून, आधी लांब काठीने उलथून. गेटखाली दोन बोटांची फट होती, तिला रबराची पट्टी ठोकली. मोरीच्या तोंडाला अर्ध्या सेंटीमीटरची लोखंडी जाळी बसवली. तरी एखादं पिल्लू कुठूनही शिरतं, म्हणून रात्री बॅटरीशिवाय बागेत पाऊल टाकू नका. विश्वामित्रीला पूर आला की साप वर येणारच. दिसला तर लांबून नजर ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा.