लाँचची पोस्ट: कोणाचं काय अडत होतं, कोणी काय केलं

‘कळवताना अत्यंत आनंद होत आहे’ ही सुरुवात ठेवू का?

काढा. लिंक्डइनवर पहिल्या काही ओळींनंतर मजकूर दुमडला जातो, त्या ओळींत वापरणाऱ्याची अडचण दिसली पाहिजे.

दूध संकलन केंद्रांच्या ॲपमध्ये आम्ही ऑफलाइन नोंदीची सोय दिली. पोस्टमध्ये ‘ग्रामीण भागासाठी क्रांतिकारी सुविधा’ लिहिलं. साहेब म्हणतात, अडचण कळत नाही.

साहेबांचं बरोबर आहे. तुम्ही सोबत पाठवलेल्या सपोर्टच्या तिकिटांत सगळं आहे, ते पोस्टमध्ये आणायचं राहिलंय. एका केंद्रचालकाची तक्रार वाचली की चित्र उभं राहतं. पहिला परिच्छेद मी असा केला असता:

‘सकाळी दूध घालायला रांग लागलेली असताना रेंज गेली, की केंद्रचालकाला लिटर, फॅट आणि एसएनएफ वहीत उतरवून दुपारी पुन्हा ॲपमध्ये भरावं लागायचं. भरताना ३.८ फॅटचे ३.३ झाले, तर शेतकऱ्याच्या बिलात फरक पडायचा. आता रेंज नसतानाही नोंद होते आणि पावती जागेवर मिळते. एसएमएस मात्र रेंज आल्यावरच जातो.’

शेवटचं वाक्य गाळू नका. उद्या एसएमएस उशिरा आला तर केंद्रावर वाद होतील, ते टळतील. ‘हजारो शेतकऱ्यांना लाभ’ हे मोजलेलं नसेल तर लिहू नका. आज जितक्या केंद्रांवर सोय सुरू आहे तितकाच आकडा द्या. टाकण्याआधी हा परिच्छेद त्या केंद्रचालकाला फोनवर वाचून दाखवा आणि ‘असंच व्हायचं ना?’ असं विचारा.

दूध संघाचं नाव घालू का?

त्यांची लेखी परवानगी असेल तरच. करारात गोपनीयतेचं कलम असतं, आधी कंपनीच्या वकिलांना विचारा.

श्रेयासाठी ‘संपूर्ण टीमचे मनापासून आभार’ पुरेसं नाही का? उगाच कोणी दुखावायला नको.

पुरेसं नाही, आणि दुखावतं ते नेमकं हेच वाक्य. हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो, म्हणून सविस्तर सांगते. ‘संपूर्ण टीम’ असं वाचलं की काम पोस्ट टाकणाऱ्या मॅनेजरच्या नावावर जमा होतं. ज्युनिअर मुलीला पुढच्या मुलाखतीत दाखवायला काहीच उरत नाही.

याच ऑफलाइन नोंदीत खरं अवघड काय होतं ते पाहा. फोनने नोंद पाठवली, सर्व्हरवर ती पोचली, पण उत्तर येण्याआधी रेंज गेली. फोनला वाटतं पोचलीच नाही, म्हणून तो पुन्हा पाठवतो, आणि शेतकऱ्याच्या नावावर त्याच वेळचं दूध दोनदा चढतं. तुमच्या बॅकएंडच्या सहकाऱ्याने प्रत्येक नोंदीला फोनवरच वेगळा क्रमांक दिला आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हर नवी नोंद करणार नाही अशी सोय केली. पण हा घोळ सापडला कोणाला? नोंदी जात असतानाच एअरप्लेन मोड चालू-बंद करून पाहणाऱ्या टेस्टरला. आणि विखुरलेल्या तक्रारी मुळात एकच आहेत हे ओळखलं सपोर्टमधल्या बाईंनी. पोस्टमध्ये ही तीन कामं, तीन नावांसकट, तीन वाक्यांत यायला हवीत.

कोणी किती काम केलं ते `git shortlog -sn` चालवून ठरवू नका. ती आज्ञा कमिट मोजते. स्क्वॅश मर्ज केलं की अनेक कमिटचा एकच होतो, शेजारी बसून विचार करणारा `Co-authored-by` लिहिलं तरी या आज्ञेत दिसत नाही, आणि टेस्टर व सपोर्ट तर त्या यादीत नसतातच. त्याऐवजी प्रत्येकाकडून स्वतःच्या कामाचं एक वाक्य लिहून घ्या आणि सगळी वाक्यं सगळ्यांना दाखवा. मतभेद निघतील, ते पोस्टच्या आधी निघालेले बरे. लाँचच्या आधी करार संपून गेलेली कंत्राटी माणसं हमखास गळतात. त्यांना फोन करून, नाव घातलेलं चालेल का ते विचारा.

एजन्सी म्हणते, वीस जणांना टॅग करा आणि सगळ्यांनी पहिल्या तासात कमेंट टाका, रीच वाढतो. खरं का?

असले ठोकताळे विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. ठरवून टाकलेल्या कमेंट लिंक्डइनच्या नियमांत बसत नाहीत. टॅग त्यांनाच करा, ज्यांचं काम पोस्टमध्ये लिहिलंय.

एका टेस्टरचं नाव राहून गेलं. पोस्टला चार दिवस झाले. पुढच्या पोस्टमध्ये घेऊ का?

चार दिवस थांबलात कशाला? पोस्टचा मजकूर नंतरही बदलता येतो. आधी तिला फोन करा, वाक्य तिच्याकडून तपासून घ्या आणि आजच मूळ पोस्टमध्ये इतरांच्या बरोबरीने घाला. खाली कमेंटमध्ये नाव टाकून भागवू नका, ते कोणी वाचत नाही.