ट्रेनर फिरवू नका, पाळ्या फिरतातच

प्रश्न: आमच्याकडे तीन पाळ्यांत काम चालतं आणि सेफ्टी ट्रेनिंग सगळ्यांना सक्तीचं आहे. कुणालाही ओव्हरटाइम न लागता तिन्ही पाळ्यांचं ट्रेनिंग कसं बसवायचं?

आम्ही पहिल्या वर्षी पाळी सुटल्यावर दोन तास लोकांना थांबवलं होतं. सक्तीचं ट्रेनिंग म्हणजे कामाचेच तास, त्यामुळे ओव्हरटाइम लागला तो लागलाच, वर रातपाळीहून सुटलेली माणसं खुर्चीतच पेंगत होती. तेव्हापासून ट्रेनिंग पाळीच्या आतच घेतो.

सुरुवात एका आकड्यापासून करा: पाळीतून एका वेळी किती जण सोडले तर काम थांबत नाही? आमच्या एका पाळीत 24 जण, आणि 20 असले की लाइन चालते. म्हणजे चौघांची बॅच, एकूण सहा बॅचेस. आठवड्याचे कामाचे दिवसही सहाच. रोज एक बॅच, दोन तास, की आठवड्यात ती पाळी संपली.

आता ट्रेनरला तिन्ही पाळ्यांत पळवायची गरज नाही. पाळ्या दर आठवड्याला बदलत असतील तर त्याला पहिल्या पाळीतच बसवा. तीन आठवड्यांत तिन्ही गट आपोआप त्याच्यासमोर येतात. चौथा आठवडा रजेवर असलेल्यांसाठी मोकळा ठेवा. वेळ आम्ही 8 ते 10 घेतो: 6 वाजताचा चार्ज देणं-घेणं उरकलेलं असतं आणि जेवणाच्या सुट्टीला अजून अवकाश असतो. सुट्टीत आधीच माणसं कमी असतात, त्यात आणखी चार काढली की गाडं अडतं.

खरी मेहनत बॅच पाडण्यात आहे. 20 जण उरले एवढ्याने भागत नाही, त्या 20 मध्ये कोण आहे ते महत्त्वाचं. आमच्याकडे क्रेन चालवायची परवानगी दोघांनाच. एकदा दोघंही एकाच बॅचमध्ये गेले आणि माल दोन तास जागेवर पडून राहिला. त्यामुळे आधी अशी मोजकी माणसं वेगवेगळ्या दिवशी टाका, प्रथमोपचारवालेही त्यातच धरा, आणि मग उरलेल्या जागा भरा.

हजेरी पाळीवार न ठेवता नावानिशी ठेवा. लोक आपापसात पाळ्या बदलतात. पहिल्या पाळीच्या आठवड्यात रातपाळी घेतलेला माणूस सुटतो आणि 'ब गट पूर्ण' असा शेरा मात्र पडून जातो. महिन्याअखेरीस हजेरीपटाशी नावं ताडली की असे दोन-तीन जण हमखास सापडतात.

तुमच्याकडे कायम रातपाळी करणारी माणसं असतील तर ही युक्ती चालणार नाही, तिथे ट्रेनरलाच रात्री जावं लागेल. तेही पाळीच्या पहिल्या दोन-तीन तासांत. पहाटे तीननंतर शिकवलेलं कुणाच्या डोक्यात शिरत नाही. आणि त्या दिवसांसाठी ट्रेनरची दिवसपाळी काढून घ्यायला विसरू नका, नाहीतर ओव्हरटाइम त्याचाच लागतो. आमच्याकडे लागला होता.