ओव्हर देताना आधी काय सांगावं?

प्रश्न: ड्युटी संपताना ओव्हर देताना मी पेशंटचं सगळं सांगते, तरी पुढची सिस्टर तेच पुन्हा विचारते. काय चुकतंय?

उत्तर: बहुधा क्रम. आत्ता काय बिघडलंय ते आधी, मग मागचं, मग तुमचा अंदाज, शेवटी पुढचं काम. उदाहरणार्थ: "बेड ६, ४ तासांत लघवी फक्त ६० मिली, वरचं बीपी १३० वरून १०० वर. काल ॲपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे. आत रक्तस्राव असेल अशी शंका वाटते. डॉक्टरांना कळवलंय, ते येताहेत. तोवर दर १५ मिनिटांनी बीपी घ्या."

मग आकडे आणि ॲलर्जी तिच्या तोंडून परत वदवून घ्या. नुसतं "हो हो" धरू नका. पंपाचा रेट मात्र बेडजवळ, दोघींनी ऑर्डरशी ताडून बघा. ५ ऐवजी ०.५ लागला असेल, तर तो बोलण्यात सापडत नाही.