टॅरोला काय विचारायचं? वाचकांची प्रश्नोत्तरे

मी घरीच ब्लाउज शिवते. बर्डीवर गाळा भाड्याने घेऊ का, असं विचारून पत्ता काढला. सेव्हन ऑफ पेंटॅकल्स आला. आता हे हो समजू की नाही? – वाचक, मानेवाडा

दोन्ही समजू नका. टॅरोच्या ७८ पत्त्यांत ‘हो’चा किंवा ‘नाही’चा असा एकही पत्ता नाही. प्रत्येक पत्ता एक परिस्थिती दाखवतो. तुमच्या पत्त्यावर एक शेतकरी कुदळीवर रेलून उभा आहे आणि वेलीला लागलेल्या नाण्यांकडे बघतोय. पीक आलंय, पण त्याने ते अजून पुरतं तोडलेलं नाही. यातून हो-नाही काढायला गेलात, तर मनात आधीपासून जे असेल तेच निघेल.

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न एकत्र बांधले आहेत. घरचं काम कितपत भक्कम आहे? दुकान माझ्याकडून काय मागेल? करार करण्याआधी मी काय तपासू? हे तिन्ही वेगवेगळे कागदावर लिहा. दुसऱ्याला मुदत घाला: ‘पहिल्या सहा महिन्यांत दुकान माझ्याकडून काय मागेल?’ मग पत्ते पिसा आणि ज्या क्रमाने लिहिलं, त्याच क्रमाने एकेक पत्ता ठेवा. जागा आधी ठरवायची, पत्ता नंतर उघडायचा. उलट केलं की पत्ता पाहून आपण सोयीची जागा शोधतो.

आता तोच शेतकरी दुसऱ्या जागी आला असं धरा. दुकान धीर मागतंय, गिऱ्हाईक जमायला वेळ लागेल. म्हणजे सुरुवातीच्या महिन्यांचं भाडं शिलाईच्या कमाईतून निघेल हे गृहीत धरू नका, ते आधी बाजूला काढून ठेवा. तोच पत्ता तिसऱ्या जागी आला, तर सांगणं वेगळं होतं: आलेलं पीक मोजा. वही उघडा, पुन्हापुन्हा येणाऱ्या बायका किती आणि त्यातल्या किती जणी मानेवाड्याहून बर्डीपर्यंत येतील, ते बघा. पत्ता एकच, पण उत्तरं दोन आणि दोन्ही कामाची. गाळ्याचं भाडं वाजवी आहे का, कागदपत्रं नीट आहेत का, हे मात्र पत्त्यांना विचारू नका. ते आजूबाजूच्या दुकानदारांना आणि वकिलाला विचारा.

मुलीचं लग्न कधी जुळेल? दरवेळी गोलगोल उत्तर येऊन राहिलं. – वाचक, महाल

‘कधी’ला टॅरो कच्चं आहे. काही जण पत्त्यांवरून ऋतू किंवा आठवडे काढतात, पण प्रत्येकाची पद्धत निराळी, म्हणून मी त्यावर तारीख देत नाही. शिवाय ताई, हा प्रश्न मुलीच्या आयुष्याचा आहे आणि पत्ते तुम्ही काढताय. तुमच्या हातात जे आहे ते विचारा: ‘येत्या तीन महिन्यांत स्थळांबद्दल तिच्याशी बोलताना मी काय बदलू?’ यावर क्वीन ऑफ सोर्ड्स आली, तर आडवळणाने न सुचवता तिला सरळ विचारा आणि तिचं उत्तर मधे न तोडता ऐका.

प्रश्न नीट जमला की नाही, हे पत्ता काढण्याआधीच कसं ओळखायचं? – वाचक, प्रतापनगर

यासाठी मी एक चाचणी करते आणि शिकायला येणाऱ्यांकडूनही करून घेते. परस्परविरोधी दोन पत्ते मनात घ्या. एक द हर्मिट, डोंगरावर कंदील धरून एकटा उभा असलेला म्हातारा. दुसरा नाइट ऑफ वाँड्स, उधळू पाहणाऱ्या घोड्यावरचा स्वार. दोघांनाही तुमचा प्रश्न विचारून बघा.

‘पुण्याच्या नोकरीत माझं कसं होईल?’ हर्मिट म्हणेल एकटं वाटेल, स्वार म्हणेल धावपळ होईल. ठीक, पण या उत्तरांचं उद्या सकाळी काय करणार? आता विचारा, ‘पुण्याच्या नोकरीत पहिल्या महिन्यात टीममध्ये मी कसं वागू?’ हर्मिट आला तर आधी बघा, शिका, मत द्यायची घाई नको. स्वार आला तर पुढे होऊन एखादं काम स्वतःहून मागा. दोन पत्त्यांवरून करायच्या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या की प्रश्न जमला. दोन्हीकडून सारखंच काहीतरी निघालं, तर प्रश्नात मुदत नाही, किंवा ‘मी’ नाही, किंवा दोन प्रश्न एकात अडकलेत. बहुतेक वेळा ‘मी’च राहून गेलेला असतो.

उत्तर धूसर वाटलं तर आणखी एक पत्ता काढला तर चालतो का? – वाचक, वर्धमाननगर

चालतो, एकच. पण त्यालाही स्वतःचा प्रश्न द्या, जसं ‘पहिल्या पत्त्यातली ही अडचण कामाची आहे की माणसांची?’ तोच प्रश्न घेऊन गड्डी पुन्हा पिसू नका. पहिला पत्ता आवडला नाही म्हणून तुम्ही तसं करत असाल, तर त्यात नेमकं काय खटकलं ते एका ओळीत लिहा आणि पुढच्या वेळी तीच ओळ प्रश्न म्हणून घ्या.