काउंटरवरचं पहिलं वाक्य

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

परळच्या मेडिकलमध्ये लागलीस, आणि दुकानाने पाठ करून घेतलेली वाक्यं दुपारपर्यंत तोंडात नुसती खडखडायला लागतात, असं तू लिहिलंस. 'नमस्कार, आपलं स्वागत आहे, मी आपली काय मदत करू शकते, मेंबरशिप आहे का, मोबाइल नंबर सांगा.' आणि शेवटी 'धन्यवाद, पुन्हा या.' तुझी तक्रार खरी आहे. माझं सगळं आयुष्य औषधांच्या काउंटरमागे गेलं, म्हणून यावर सविस्तर लिहितो.

आधी हे ध्यानात घे की एकच वाक्य वारंवार ऐकल्याचा त्रास पहिल्या गिऱ्हाइकाला होत नाही. त्याने ते एकदाच ऐकलेलं असतं. रांगेतल्या चौथ्या माणसाने मात्र ते आधीच तीनदा ऐकलेलं असतं, त्याच चालीत, त्याच ठिकाणी आवाज वर नेलेलं. त्याची पाळी येईपर्यंत त्याला कळून चुकतं की हे स्वागत आपल्यासाठी नाही. म्हणून तो नमस्काराला उत्तर न देता चिठ्ठी पुढे सरकवतो. सलग तीन-चार जणांनी असं केलं की समज, तुझं वाक्य यंत्र झालंय. दुसरी खूण तुझ्या स्वतःपाशी सापडेल: नजर वर जायच्या आधीच तोंड बोलायला लागलेलं असतं.

यावर नवी दहा वाक्यं पाठ करून ती आलटून पालटून म्हणावीत, असं तुला कुणीतरी सुचवेल. तसं करू नकोस. दहा वाक्यांचीही आठवड्याभरात तीच गत होते. वाक्य शोधायचं ते समोरच्याच्या हातात.

वेळ कुठून आणायचा, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. आधीच्या माणसाचं बिल छापून येताना, किंवा त्याने स्कॅन केल्यावर काउंटरवरचा डबा 'रुपये प्राप्त हुए' म्हणेपर्यंत, दोन-चार सेकंद हात मोकळे असतात. बहुतेक जण तेव्हा स्क्रीनकडे बघत बसतात. तू पुढच्या माणसाकडे बघ. त्याच्या हातात काय आहे आणि तो बरोबरच्याशी कोणत्या भाषेत बोलतोय, एवढंच टिप.

समज, सकाळचे अकरा वाजून गेलेत, ओपीडीतून माणसं उतरताहेत आणि तुझ्यापुढे रांग लागलीय. पहिल्याच्या काखेत टाटाची जाड फाइल आहे, आणि तो भावाशी भोजपुरीत बोलतोय. त्याला मराठीतलं स्वागत नको असतं. 'आइए भैया, फाइल यहाँ रखिए,' एवढं म्हणून काउंटरवर जागा करून दे. मागे आजी आहेत, त्यांच्या मुठीत गोळ्यांचं रिकामं पाकीट आहे. 'या आजी, पाकीट घेऊन आलात, फार बरं केलंत. हीच गोळी द्यायची ना?' तिसरा पोरगा चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर दाखवतोय. 'फोटो जरा मोठा कर बघू, किती एमजीची आहे ते नीट दिसू दे.' यातलं एकही वाक्य दुसऱ्याला चालणार नाही, आणि एकही वाक्य वेळ खात नाही, कारण प्रत्येकातून काम पुढे सरकतं. आजींना पाकिटाचं विचारलंस तेव्हाच औषधाचं नाव आणि ताकद तुझ्या हाती आली.

आता चौथा. हा पाच मिनिटांपूर्वीच येऊन गेलाय, एक औषध राहिलं म्हणून परत आलाय. साचा त्याचंही पुन्हा स्वागत करायला लावतो, आणि आपण इथून आत्ताच गेलो हे हिच्या गावीही नाही, असं त्याला वाटतं. 'काय राहिलं दादा?' इतकंच पुरे. रांगेत अशीही बाई येईल जिचे डोळे रडून सुजलेत. तिथे आवाज खाली आणायचा आणि 'द्या ताई, मी बघते' म्हणून चिठ्ठी हातात घ्यायची. काय झालं, ते विचारायचं नाही.

यात एक मर्यादा कडक पाळ. बोलायचं ते हातातल्या वस्तूबद्दल. शरीराबद्दल, चेहऱ्याबद्दल, आजाराबद्दल नाही. 'किती बारीक झालात' हे काळजीने म्हटलेलंही परळमध्ये माणसाला तोडतं. औषधावरून आजार तुला कळतो, पण मागची रांग सगळं ऐकत असते. नावाचंही तसंच. नावाने हाक मारा, असं ट्रेनिंगमध्ये सांगतात, पण चिठ्ठीवरचं नाव पेशंटचं असतं आणि काउंटरवर उभा असतो त्याचा भाऊ, नाहीतर मुलगी. 'पेशंट तुमचे कोण?' हे आधी विचार.

ताजेपणा चालतो तो फक्त नमस्कारात आणि निरोपात. मधला भाग, म्हणजे औषधाचं नाव, ताकद, किती गोळ्या, १-०-१ म्हणजे सकाळी एक आणि रात्री एक, हे रोज, प्रत्येकाला, ठरलेल्या क्रमानेच म्हण. सारख्या नावांची औषधं शेजारी शेजारी ठेवलेली असतात, आणि क्रम मोडला की नेमकी तिथेच चूक होते. इथे साचा तुझं आणि पेशंटचं दोघांचं रक्षण करतो, त्याचा कंटाळा आला तरी तो सोडू नकोस.

दिवसाअखेर येणाऱ्या थकव्याबद्दल तू लिहिलंस. आर्ली हॉशशिल्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या हवाई सुंदरींचं काम जवळून पाहून १९८३ साली हेच मांडलं होतं, की आत नसलेली भावना चेहऱ्यावर धरून ठेवणं हे स्वतःच एक श्रमाचं काम आहे. म्हणून प्रत्येकाला हसून दाखवायचं ओझं तुझ्यावर घेऊ नकोस. दुपारी चारला हसू येत नसेल तर न हसता नीट बघ. बघायला हसण्याइतकी ताकद लागत नाही, आणि समोरच्याला ते पुरतं.

निरोपाचं आता सांगतो, कारण तुझ्या दुकानात सगळ्यात जास्त टोचत असेल ते हेच वाक्य. हॉस्पिटलच्या दारातल्या दुकानात 'पुन्हा या' कुणाला म्हणायचं? त्या जागी त्याच्या उपयोगाचं काहीतरी बोल. इन्सुलिन नेणाऱ्याला विचार, घर कुठे? कसारा म्हणाला तर आइसपॅक दे आणि सांग, 'घरी गेल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको.' न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं आणि गोठलं तर वाया जातं, हे त्याला ठाऊक असेलच असं नाही. पहिल्यांदाच गोळ्या नेणाऱ्याला म्हण, 'काही कळलं नाही तर बिलावर दुकानाचा नंबर आहे.'

राहिला प्रश्न मॅनेजरचा. गिऱ्हाईक बनून तपासायला येणारी माणसं ठरलेले शब्द मोजतात, हे मला माहीत आहे. तेव्हा 'नमस्कार' हा शब्द राहू दे, फक्त आधी बघ, मग म्हण, आणि त्याला हातातल्या वस्तूचं वाक्य जोड. मोबाइल नंबर सुरुवातीला न विचारता बिल करताना विचार. 'पुन्हा या' मात्र या शाखेपुरतं काढून टाकायला सांग. तोंडी नको, लेखी दे, त्याच्या जागी कोणती वाक्यं म्हणणार ते खाली लिही, आणि तुमच्या फार्मासिस्टची सही घे.

तुझा,
काका